रिवर्कचा टॅग

आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये, मी क्वालिटीत आहे तिथे, रिजेक्ट आणि ओके यांच्यामध्ये एक तिसरी पेटी असते, पिवळी. तिच्यात रिवर्कचे पार्ट जातात. बोअर थोडा कमी निघाला तर पुन्हा मशीनवर लावून मापात आणायचा, आणि त्या पार्टला टॅग लावायचा: काय केलं, कोणी केलं, कधी केलं. रिवर्क केलेला पार्ट चालतो. टॅग नसलेला रिवर्क चालत नाही. ऑडिटला आलेला माणूस पार्ट बघायच्या आधी टॅग बघतो.

जुनी मनगटी घड्याळं बघायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की या सगळ्या व्यवहारातलं भांडण त्या टॅगचंच आहे.

जगभरात जुनी घड्याळं जमवणारे लोक एक शब्द वापरतात, 'मुंबई स्पेशल'. कौतुकाचा शब्द नाही तो. इथून ऑनलाइन विकली जाणारी जुनी सीको आणि एचएमटी त्यांनी डोळ्यांसमोर आणलेली असतात. केस पन्नास वर्षांची, घासून घासून कडा गोल झालेली. आत तबकडी मात्र भगवी, पोपटी, नाहीतर दोन रंगांची, काल छापल्यासारखी. कारण ती खरंच नुकतीच छापलेली असते. याला धंद्यात रीडायल म्हणतात. जुनी तबकडी काढायची, तिचा रंग उतरवायचा, खालच्या पितळी चकतीवर नवा रंग मारायचा आणि त्यावर कंपनीचं नाव, मिनिटांच्या रेघा, बाकीची अक्षरं पुन्हा छापायची.

माझ्या ओळखीतली पोरं जुना बाजारात फिरतात. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरतो तो. आजोबांसारखं घड्याळ मिळालं म्हणून खुशीत फोटो पाठवतात. फोटो मोठा करून बघितला की अर्ध्या वेळा उत्तर द्यायला जीव होत नाही.

तबकडीवरच एवढा जीव का

घड्याळाचे ढोबळमानाने चार भाग धरा. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं घर. मशीन, म्हणजे आतली चाकं आणि स्प्रिंग. तबकडी. आणि काटे. काच आणि चावी बदलली तर कोणी फारसं मनावर घेत नाही, ती झिजायच्याच वस्तू आहेत. मशीनमधलं एखादं चाक त्याच जातीच्या दुसऱ्या मशीनमधून घेतलं तरी चालतं, कारण ते चाक त्याच कारखान्यात, त्याच मापाचं बनलेलं असतं. दोन्ही चाकं शेजारी ठेवली तर फरक सांगता येत नाही.

तबकडीचं तसं नाही. तिच्यावरचा मूळ रंग आणि मूळ छपाई एकदाच होते. एकदा उतरवली की ती परत आणता येत नाही, कारण तो छाप, ती शाई, तो लॅकरचा थर आता कुठे नाही. शिवाय घड्याळ घेणारा माणूस खरं तर तबकडीच बघत असतो, मशीन बघायला कोण रोज झाकण उघडतो? म्हणून तबकडीला डाग असले, कडेला पिवळेपणा आला असला, तरी मूळ तबकडीला जमवणारे जास्त पैसे देतात आणि चकचकीत रीडायलला कमी. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. त्याला डाग म्हणजे दोष दिसतो, आणि विकणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं.

एचएमटी: झाकण उघडूनही न कळणारं

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत होते ती एचएमटीत. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं आपल्या आधीच्या पिढीला तोंडपाठ आहेत. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचं घड्याळांचं काम बंद करायचं ठरवलं, आणि जी घड्याळं लोकांच्या कपाटात पडून होती त्यांना अचानक गिऱ्हाईक आलं.

त्यातही काळ्या तबकडीच्या पायलटला फार. आता मेख अशी, की साध्या जनतात आणि पायलटमध्ये बहुतेक वेळा एकच हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेलचं मशीन असतं. म्हणजे जनताची तबकडी काढून रंगवली, काळी केली, वर 'पायलट' छापलं, की झाकण उघडून बघणाऱ्यालाही आत सगळं बरोबरच दिसणार. मशीन खरं, केस खरी, एचएमटीचीच. खोटी फक्त तबकडी. त्यामुळे इथे झाकण उघडून उपयोग नाही, तबकडीच वाचता यायला हवी.

तबकडी वाचायची म्हणजे काय? दहापट मोठं दाखवणारी भिंग घ्या, आणि आधी अक्षरं बघा. कारखान्यात छपाई कोरलेल्या प्लेटवरून मऊ पॅडने उचलून होते. अक्षर बारीक, कडा धारदार, शाई सगळीकडे सारख्या जाडीची. गल्लीतल्या रीडायलमध्ये शाई जाड बसते. 'ए' आणि 'आर'सारख्या अक्षरांच्या पोटातली पोकळी भरून जाते. ओळ किंचित तिरकी जाते, नाहीतर मधोमध नसते. मग मिनिटांच्या रेघा बघा. बाराच्या खुणेचा मध्य आणि साठाव्या मिनिटाची रेघ एका ओळीत यायला हवी. रीडायलमध्ये रेघांचं वर्तुळ वेगळं छापलेलं असतं, त्यामुळे बाराला जुळलं तर सहाला अर्ध्या रेघेने सरकलेलं सापडतं. आम्ही कारखान्यात याला इंडेक्सिंग गेलं म्हणतो.

शेवटी कडा बघा. तारखेची खिडकी असेल तर तिची कड. मूळ तबकडीत ती तासल्यासारखी असते. नंतर फवारलेला रंग मात्र कडेवर गोळा होतो, पाण्याचा थेंब काठावर थांबावा तसा, आणि कोपरे गोल दिसतात.

एक मर्यादाही सांगतो. यातली एकच खूण सापडली म्हणून निकाल देऊ नका. कारखान्यातूनही थोडी तिरकी छपाई झालेल्या तबकड्या बाहेर पडल्या असणार. आणि उलट, चांगला कारागीर असेल तर रीडायल इतकं स्वच्छ होतं, की फोटोवरून सांगणं अशक्य. म्हणून मी तीन तरी वेगवेगळ्या खुणा एका दिशेला बोट दाखवतात का ते बघतो.

काकूंचं सीको

आता एक घड्याळ पूर्ण उलगडून दाखवतो.

चिंचवडला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. काका पिंपरीतल्या एका कारखान्यातून रिटायर झाले होते, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचं सीको फाइव्ह काकूंनी विकायला काढलं. मुलीच्या घरी जायचं होतं, त्याआधी घर आवरत होत्या. एका जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याने ते हातात घेतलं आणि म्हणाला, "सगळं बनावट आहे. आठशे देतो." काकूंना आठशेचं वाईट वाटलं नाही. बनावट या शब्दाचं वाटलं. त्यांचे दीर ते कुवेतहून घेऊन आले होते. दिराने भावाला खोटं घड्याळ दिलं की काय, हे त्यांच्या डोक्यात बसलं. मला म्हणाल्या, "तू ते बघतोस ना रे कंपनीत, खरं-खोटं. हे बघ जरा."

घड्याळ हातात घेतल्या घेतल्या व्यापारी असं का म्हणाला ते कळलं. तबकडी शेंदरी रंगाची, नवीकोरी. केसला मात्र चाळीस वर्षांचे ओरखडे. एका घरात राहणाऱ्या दोन गोष्टी अशा वेगवेगळ्या वयाच्या दिसल्या की पहिली शंका तिथेच येते.

सीकोची एक सोय आहे, जी एचएमटीत इतकी सरळ नाही. सीको आपल्या घड्याळावर तीन ठिकाणी नंबर ठेवतं. मागच्या झाकणावर चार आकडे, एक आडवी रेघ आणि पुढे आणखी चार आकडे किंवा अक्षरं. पहिले चार आकडे म्हणजे मशीनची जात, पुढचे म्हणजे केसची. दुसरा नंबर मशीनवर. आणि तिसरा तबकडीवर, अगदी खाली, सहाच्या खुणेच्याही खाली, इतक्या बारीक अक्षरांत की भिंगाशिवाय दिसत नाही. तिथे 'जपान' लिहिलेलं असतं आणि शेजारी पुन्हा मशीनची जात आणि तबकडीचा स्वतःचा नंबर. झाकणावरचा आणि तबकडीवरचा पूर्ण नंबर एकच असायला पाहिजे असं नाही, इथे पुष्कळ जण गोंधळतात. एकच तबकडी वेगवेगळ्या केसमध्ये जायची. पण पहिले चार आकडे तिन्ही ठिकाणी सहसा जुळायला हवेत.

काकूंच्या घड्याळाच्या झाकणावर ७००९ होतं. तबकडीच्या तळाशी फक्त 'जपान', तेही जाड अक्षरांत, आणि नंबर नाहीच. रंगवणाऱ्याकडे एवढा बारीक छाप नसतो, म्हणून तो नंबर सोडून देतो. रीडायलची ही मला माहीत असलेली सगळ्यात सोपी खूण.

झाकणावरच सहा खुणांचा सीरियल नंबर होता, सुरुवात सात आणि एन अशी. सीकोत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरी खूण महिन्याची. एक ते नऊ आकड्यांनी, आणि पुढचे तीन महिने ओ, एन, डी या अक्षरांनी. म्हणजे हे नोव्हेंबरचं, आणि वर्ष १९७७ नाहीतर १९८७. घड्याळ एवढंच सांगतं, दशक सांगत नाही. काकूंनी दशक सांगितलं. "आमचं लग्न एकोणऐंशीचं. लग्नात त्यांच्या हातात होतं." मग १९७७.

काटे बघितले. तास आणि मिनिटाच्या काट्यांच्या मधोमध चमकणारा रंग भरायची खाच होती, हिरवट रंग थोडा उरलाही होता. म्हणजे मूळ तबकडीवरही तासांच्या खुणांजवळ तसेच चमकणारे ठिपके असायला हवेत. अंधारात काटे दिसावेत आणि तास दिसू नयेत असं घड्याळ कोण बनवेल? तबकडीवर एकही ठिपका नव्हता, रंगवताना गेले. सेकंदकाटा तर वेगळाच, भगवा आणि आखूड. त्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचतच नव्हतं. तो नक्की दुसऱ्या घड्याळाचा.

इथपर्यंत व्यापाऱ्याचं बरोबर होतं. पण तो झाकण न उघडताच थांबला होता.

झाकणाच्या आत

चाफेकर चौकाच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक घड्याळजी बसतात. वय सत्तरच्या पुढे. त्यांनी झाकण फिरवून उघडलं. मशीनवर ७००९. फिरणारं अर्धवर्तुळाकार वजन जागच्या जागी, स्क्रूंच्या खाचा फार खराब झालेल्या नाहीत. म्हणजे आत अडाण्याचा हात फारसा गेलेला नाही. मग त्यांनी चावी काढून मशीन बाहेर घेतलं, काटे उचलले आणि तबकडी उलटी केली.

तबकडीच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनमधल्या दोन भोकांत बसतात. परकी तबकडी बसवायची असेल तर हे पाय जुळत नाहीत, मग ते कापून तबकडी चिकटपट्टीने डकवतात. असं दिसलं की समजायचं, तबकडी या मशीनची नाही. इथे दोन्ही पाय शाबूत होते आणि भोकांत सरळ बसत होते. म्हणजे तबकडी बदललेली नव्हती, त्याच जातीच्या मशीनची होती, फक्त वरून रंगवलेली. या दोन गोष्टींत फरक आहे. पहिल्यात घड्याळ तीन घड्याळांचं कडबोळं असतं. दुसऱ्यात घड्याळ तेच असतं, कपडे बदललेले असतात.

वाराची चकती दिसली. इंग्रजी वार, आणि फिरवल्यावर मध्ये मध्ये अरबी. सीको ज्या देशात घड्याळ पाठवायचं तिथली दुसरी भाषा वाराला द्यायचं. कुवेतची गोष्ट इथे जुळली. चकती नंतर कुणी बदलली असेल असं म्हणता येईल, पण भारतात दुरुस्ती करणारा मुद्दाम अरबी वार शोधून कशाला बसवेल?

मग घड्याळजींनी झाकण आतल्या बाजूने माझ्यापुढे धरलं. "हे वाच."

आतल्या गुळगुळीत स्टीलवर सुईने कोरल्यासारख्या तीन ओळी होत्या. ३-८२. ९-८८. आणि १-९७. शेजारी काही खुणा, मला न कळणाऱ्या. जुने घड्याळजी काम झालं की झाकणाच्या आत तारीख कोरून ठेवायचे, स्वतःची खूण घालायचे. गिऱ्हाईक परत आलं तर काम आपलं होतं की दुसऱ्याचं, कधीचं, ते कळावं म्हणून. गिऱ्हाइकाला ते कधी दिसतही नाही.

संध्याकाळी काकूंना विचारलं, "अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात घड्याळाला काही झालं होतं का?"

त्यांना वर्ष आठवलं नाही, पण प्रसंग आठवला. गणपती विसर्जनाला काका पवनेत उतरले होते, घड्याळ हातातच राहिलं. आत पाणी गेलं, दोन दिवसांत तबकडी काळी पडली. पुण्यात दुरुस्तीला टाकलं. "ते म्हणाले, तबकडी मुंबईला पाठवून रंगवून आणतो. पंधरा दिवस लागले. आधी चांदीसारखी होती. हा शेंदरी रंग यांनीच सांगितला. गणपतीत बुडालं म्हणून." काकू थोड्या हसल्या. मग एक फोटो काढला, कारखान्यातल्या कुठल्या तरी सत्काराचा. काकांची बाही थोडी वर गेलेली, मनगटावर फिक्या तबकडीचं घड्याळ.

मूळ रंग आणि मूळ ठिपके आता कुठेच नव्हते, फक्त त्या फोटोत होते. पण बनावट? दिराने दिलेलं घड्याळ खरं होतं. काकांनी पैसे देऊन ते दुरुस्त करून घेतलं होतं, कुणाला फसवायला नाही, स्वतः घालायला. त्या काळी काळी पडलेली तबकडी तशीच घालून कोणी कामावर गेलं नसतं. अशी घड्याळं घरोघरी रंगवली गेली. मग कधीतरी ती घराबाहेर पडली, मधल्या माणसाने तबकडी रंगवल्याचं सांगायचं सोडून दिलं, आणि मागणी दिसल्यावर विकण्यासाठीच रंगवायला सुरुवात झाली. बाहेरच्या लोकांचं 'मुंबई स्पेशल' या दोन्हींना एकच नाव देतं. काम एकच आहे, मला फरक टॅगचा दिसतो.

जाहिरात

विकायचं ठरलंच होतं, तेव्हा वर्णन मी लिहिलं. असं: सीको फाइव्ह, नोव्हेंबर १९७७, मशीन ७००९. केस, झाकण आणि मशीन जुळतात, वार इंग्रजी-अरबी. तबकडी १९८८ च्या सुमारास रंगवलेली, मूळ रंग चांदीसारखा, पाय शाबूत. सेकंदकाटा दुसऱ्या घड्याळाचा. सोबत झाकणाच्या आतल्या बाजूचा, तबकडीच्या मागचा आणि तळाच्या कडेचा जवळून काढलेला फोटो. बाजूने उजेड टाकून, म्हणजे रंगाचा थर लपणार नाही. तुम्ही कधी ऑनलाइन जुनं घड्याळ घेणार असाल तर हेच तीन फोटो मागा. सरळ विकणारा एका दिवसात पाठवतो. बाकीचे "ओरिजिनल आहे भाई, गॅरंटी" एवढंच परत परत लिहितात.

दोघांनी फोन केला आणि रीडायल ऐकून ठेवून दिला. व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला, बाराशे म्हणाला. तिसरा निगडीचा मुलगा, नुकता नोकरीला लागलेला. त्याने सगळे फोटो बघितले, दोन प्रश्न विचारले, ते बरोबर होते. अठ्ठावीसशेला व्यवहार झाला. मूळ तबकडी असती तर याहून बरेच जास्त आले असते, हे मी काकूंना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "खोटं नाही ना, बास."

मुलाची एकच अट होती, देण्याआधी सर्व्हिसिंग करून हवं. घड्याळजींनी चार दिवस ठेवून घेतलं. त्यांच्याकडे जुन्या काट्यांचा डबा आहे, त्यातून लांबीला बरोबर असा चांदीच्या रंगाचा सेकंदकाटा शोधून बसवला. मी जाहिरातीतली शेवटची ओळ बदलली: सेकंदकाटा आता त्याच लांबीचा, पण हाही दुसऱ्या घड्याळाचा.

घ्यायला गेलो तेव्हा ते झाकण लावतच होते. लावण्याआधी त्यांनी ड्रॉवरमधून सुई काढली, भिंग डोळ्याला लावली, आणि १-९७ च्या खाली चौथी तारीख कोरली.